होल्ट-विंटर्स: मासिक मालिका एकच, पण गॅमा एकीकडे ०.८७ आणि दुसरीकडे जवळपास शून्य. स्थिरांक ठरवायचे कसे?

चैत्रवेल

नमस्कार मंडळी. फोरकास्टिंगच्या कोर्सच्या एका असाइनमेंटवर अडले आहे. मालिका सगळ्यांच्या ओळखीचीच आहे, विमानप्रवाशांची. जानेवारी १९४९ ते डिसेंबर १९६०, म्हणजे १४४ महिने, आकडे हजारांत. कल आणि हंगाम दोन्ही असलेलं एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग बसवायचं आणि तिन्ही स्थिरांक का निवडले ते लिहून द्यायचं, एवढंच काम. मॅडमनी बजावून सांगितलंय की "पॅकेजने दिले" हे कारण चालणार नाही.

मी आर मध्ये `HoltWinters()` वापरलं, हंगाम गुणाकाराचा घेतला. पातळीचा अल्फा ०.२७६, कलाचा बीटा ०.०३३, हंगामाचा गॅमा ०.८७१ आले. माझ्या पार्टनरने त्याच मालिकेवर `ets()` चालवलं. त्याला अल्फा ०.७१०, बीटा ०.०२०, गॅमा ०.०००१ मिळाले. शिवाय त्याने कल दाबणारं, म्हणजे पुढे जाताना कल हळूहळू कमी करत नेणारं मॉडेल निवडलं, त्याचा फाय ०.९८ आहे.

```r
HoltWinters(AirPassengers, seasonal = "multiplicative")
library(forecast)
ets(AirPassengers)
```

माझा गॅमा म्हणतो हंगाम दरवर्षी जवळजवळ नव्याने शिका, त्याचा म्हणतो हंगामाला हातच लावू नका. डेटा तोच, मग यातलं कोण बरोबर?

---

कोष्टक

पार्टनरचा गॅमा घे. ०.८७ हे सरळसरळ ओव्हरफिटिंग आहे. आम्हाला शिकवलं होतं की तिन्ही स्थिरांक ०.१ ते ०.३ मध्ये ठेवावेत, त्याच्या वर गेलं की मॉडेल नॉइजच्या मागे धावतं. आणि बीटा दोघांचाही शून्याच्या जवळ आहे, म्हणजे कलाची गरजच नाही. तो काढून टाक, एक स्थिरांक कमी, रिपोर्टही सुटसुटीत होईल.

---

निरीक्षक

कोष्टक, बीटाबद्दल आधी थांबवतो, कारण हा गैरसमज दर वर्गात भेटतो. बीटा शून्याजवळ असणं म्हणजे कल नसणं नव्हे. बीटा सांगतो की कल किती वेगाने *बदलू* द्यायचा. शून्य बीटा म्हणजे सुरुवातीला जो चढ धरला तोच शेवटपर्यंत. या मालिकेची सरासरी १९४९ मध्ये महिन्याला १२७ हजार होती, १९६० मध्ये ४७६ हजार. कल काढून टाकला तर अंदाज कायम मागे पडेल आणि ती तूट भरायला अल्फा उगाच वर जाईल. आर मध्ये `beta = 0` आणि `beta = FALSE` या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कल राहतो पण गोठतो, दुसऱ्यात तो मॉडेलमध्येच नसतो.

गॅमाचंही तसंच. पार्टनरचं ०.०००१ "हंगाम नाही" असं म्हणत नाही. ते म्हणतं की बारा महिन्यांचे निर्देशांक सुरुवातीला ठरले तेच बारा वर्षं चालतील.

आता चैत्रवेल, तुमचे दोन संच शेजारी ठेवायच्या आधी ते एकाच मापात आणा. `HoltWinters()` बीटा जुन्या पद्धतीने देतं: पातळीत जो बदल झाला त्याचा किती वाटा कलात घ्यायचा. `ets()` जो बीटा छापतं तो थेट अंदाजाच्या चुकीला लागतो, म्हणजे त्यात अल्फाचा गुणाकार आधीच झालेला असतो. म्हणून त्याच्या ०.०२०४ ला ०.७०९६ ने भागा. ०.०२९ येईल. तुमचा ०.०३३. फाय मुळे ही तुलना काटेकोर राहत नाही, पण कलाच्या बाबतीत तुमचं दोघांचं भांडण नाही हे यातून दिसतं.

गॅमाचं उलट. तुमच्या ०.८७१ ला (१ − ०.२७६) ने गुणलं की `ets()` च्या मापातली किंमत मिळते, सुमारे ०.६३. हा हिशोब बेरजेच्या हंगामात तंतोतंत बसतो, गुणाकाराच्या हंगामात ढोबळमानाने. तिकडे ०.०००१, इकडे ०.६३. खरा मतभेद इथे आहे.

---

सुटेभाग

आमच्याकडेही अगदी हाच घोळ आहे! यंत्रांच्या सुट्या भागांची मासिक मागणी, अडीच वर्षांचा डेटा. एक्सेलच्या सॉल्व्हरने गॅमा काढला तर एकदा ०.९ येतो, सुरुवातीचा आकडा बदलला की ०.०५. काही महिने मागणी शून्य आहे, तिथे गुणाकाराचं सूत्र अडतं म्हणून मी शून्याच्या जागी १ टाकला. अल्फा किती ठेवू?

---

चैत्रवेल

@निरीक्षक, बीटाचं लख्ख कळलं, आभार. मग ०.६३ आणि शून्य यांच्यातला फरक कुठून आला? दोन्ही प्रोग्राम चुकाच कमी करत आहेत ना?

@सुटेभाग, तुमचं वेगळं वाटतंय. माझ्याकडे शून्य नाहीत.

---

निरीक्षक

चुका कमी करतात, पण कुठून सुरुवात करून आणि कोणत्या चुका, यात फरक आहे.

`HoltWinters()` पहिल्या दोन वर्षांवरून हंगामी निर्देशांक काढतं आणि ते *पक्के* धरतं. ऑप्टिमायझरला हलवायला फक्त तीन स्थिरांक उरतात. `ets()` सुरुवातीची पातळी, कल आणि निर्देशांक हेही स्थिरांकांसोबतच शोधतं. म्हणजे त्याला हवं तर बारा वर्षांना मिळून सोयीचे पडतील असे निर्देशांक सुरुवातीलाच ठेवता येतात.

आता मालिकेकडे बघा. प्रत्येक महिन्याला त्या वर्षाच्या सरासरीने भागा. ही मोठी शास्त्रशुद्ध रीत नाही, पण १९४९-५० आणि १९५९-६० मध्ये वार्षिक वाढ साधारण सारखीच, दहा-अकरा टक्के, असल्याने तुलनेपुरती चालते. जुलै १९४९: १४८ भागिले १२६.७, म्हणजे १.१७. जुलै १९५५: ३६४ भागिले २८४, १.२८. जुलै १९६०: ६२२ भागिले ४७६.२, १.३१. मार्च मात्र उलट दिशेने गेला: १.०४, मग ०.९४, मग ०.८८. नोव्हेंबर जागचा हलला नाही, १९४९ मध्येही ०.८२ आणि १९६० मध्येही ०.८२.

म्हणजे हंगामाचा आकार खरोखर बदलला आहे. उन्हाळ्याचा उंचवटा वाढला, वर्षाचा सुरुवातीचा भाग खाली गेला. तुमच्या प्रोग्रामला १९४९-५० चे निर्देशांक हातात देऊन सोडलं, आणि ते जुने पडले तेव्हा ते बदलण्याचा गॅमा हा एकच मार्ग त्याच्याकडे होता. गॅमा वर्षातून एकदाच प्रत्येक महिन्याला स्पर्श करतो. ०.२ ठेवला तर जुलै १.१७ वरून १.२८ च्या जवळपास यायलाही बरीच वर्षं लागतात. म्हणून तो ०.८७ वर गेला.

दुसरी गोष्ट. `HoltWinters()` चुकांचे वर्ग तसेच बेरजेत घेतं. पाच टक्क्यांची चूक १९४९ मध्ये सुमारे ६ हजारांची, १९६० मध्ये २४ हजारांची. वर्ग केल्यावर शेवटच्या वर्षातल्या तेवढ्याच टक्क्यांच्या चुकीचं वजन १४ पट होतं. शेवटची वर्षं म्हणजे नेमकी तीच, जिथे सुरुवातीचे निर्देशांक सर्वांत जास्त शिळे झालेत. पार्टनरच्या मॉडेलमध्ये चुका टक्केवारीने मोजल्या जातात, त्याला १९४९ आणि १९६० सारखेच महत्त्वाचे.

हे ताडून बघणं सोपं आहे. `window(AirPassengers, start = c(1955, 1))` घेऊन तेच पुन्हा चालवा, किंवा `start.periods = 4` द्या. गॅमा लक्षणीय घसरला तर समजा की ०.८७ मधला मोठा भाग सुरुवातीच्या निर्देशांकांची भरपाई होता.

---

मोजपट्टी

यात एक प्रश्न उरतो. हंगामाचा आकार बदललाय, तर `ets()` गॅमा शून्य ठेवून निभावतं कसं? उत्तर त्याच्या अल्फात आहे, म्हणून एका महिन्याचा हिशोब कागदावर करून दाखवते. आकडे सोपे पडावेत म्हणून माझ्या मनाचे घेतलेत.

पातळी ४००, कल ३, जुलैचा निर्देशांक १.२०. अंदाज ४०३ × १.२० = ४८३.६. प्रत्यक्षात ५२० आले. हंगाम काढून टाकला तर ५२० ÷ १.२० = ४३३.३.

अल्फा ०.२८ असेल तर नवी पातळी ०.२८ × ४३३.३ + ०.७२ × ४०३ = ४११.५. आता गॅमाला काय दिसतं? ५२० ÷ ४११.५ = १.२६. जुना निर्देशांक १.२०, तेव्हा गॅमाला शिकायला ०.०६ चा फरक मिळाला.

अल्फा ०.७१ केला तर नवी पातळी ४२४.५. मग ५२० ÷ ४२४.५ = १.२२. गॅमाच्या वाट्याला फक्त ०.०२ उरले.

सूत्रात पातळीचा नंबर आधी लागतो. मोठा अल्फा चुकीचा बहुतेक भाग स्वतःच गिळतो आणि गॅमासाठी उष्टं सोडतो. निरीक्षकांनी (१ − अल्फा) ने गुणायला सांगितलं ते यामुळेच. `ets()` मध्ये तर गॅमाला १ − अल्फा ही वरची मर्यादाच आहे, म्हणजे अल्फा ०.७१ झाल्यावर गॅमा ०.२९ च्या पुढे जाऊच शकत नाही.

आणि या मालिकेत शेजारचे महिने एकाच दिशेने सरकलेत. जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही वर, फेब्रुवारी-मार्च दोन्ही खाली. जूनमध्ये निर्देशांक कमी पडला की मोठा अल्फा पातळी उचलतो, आणि जुलैचा अंदाज त्या उचललेल्या पातळीवरून आपोआप सुधारतो. हंगामाची चूक पातळीने झाकली. एक महिना पुढचा अंदाज मोजत असाल तर हे छान चालतं.

---

कोष्टक

मोजपट्टी, हिशोब पटला. तरी गॅमा ०.८७ ला माझा विरोध कायम आहे, आता आकड्यानिशी. १९५९ चा मार्च ४०६ आणि एप्रिल ३९६, म्हणजे मार्चनंतर घसरण. १९६० चा मार्च ४१९ आणि एप्रिल ४६१, म्हणजे मार्चनंतर मोठी उडी. ०.८७ वालं मॉडेल १९५९ चा मार्च जवळजवळ जसाच्या तसा पुढच्या वर्षी नेणार आणि १९६० मध्ये दोन्ही महिन्यांत मार खाणार. हे आकार बदलणं नाही, वर-खाली होणं आहे.

---

मोजपट्टी

हा मुद्दा अगदी बरोबर जागी लागलाय. १९५९ मध्ये ईस्टर २९ मार्चला होता, १९६० मध्ये १७ एप्रिलला. प्रवासाची गर्दी एका महिन्यातून दुसऱ्यात गेली. दोन्ही महिने मिळून पाहिलं तर ८०२ वरून ८८०, म्हणजे जवळपास १० टक्के वाढ, त्या वर्षाच्या एकूण ११ टक्क्यांशी जुळणारी.

होल्ट-विंटर्सला कॅलेंडर कळत नाही. त्याच्यासाठी मार्च म्हणजे तिसरा महिना. मोठा गॅमा अशा सरकत्या सणाला कायमचा बदल समजतो. छोटा गॅमा त्याची सरासरी धरतो, जी दोन्ही प्रकारच्या वर्षांत थोडी थोडी चुकते. तिसरा उपाय स्थिरांकांत नाही. आधी ईस्टरचा परिणाम वेगळा काढायचा आणि उरलेल्या मालिकेवर स्मूदिंग करायचं.

---

निरीक्षक

या मालिकेत दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. जुलै अकरा वर्षांत हळूहळू चढला, तो खरा बदल. मार्चच्या घसरणीत काही भाग खरा आणि काही ईस्टरचा. १९४९ आणि १९६० दोन्ही वर्षी ईस्टर १७ एप्रिललाच होता, त्यामुळे मी दिलेल्या टोकाच्या दोन मार्चांची तुलना टिकते, पण मधल्या वर्षांतले चढउतार कोष्टक म्हणतात तसे आहेत. गॅमा बाराही महिन्यांना एकच असतो, त्यामुळे जुलैला हवा तेवढा आणि मार्चला झेपेल तेवढा अशी सोय नाही.

तेव्हा चैत्रवेल, "कोण बरोबर" हे एक महिना पुढच्या चुकांवरून ठरवू नका. मोजपट्टींनी दाखवलं तसं, तिथे मोठा अल्फा हंगामाची चूक झाकतो. बारा महिने पुढचा अंदाज काढताना त्याला हे करता येत नाही. डिसेंबरला उभं राहून पुढचा जुलै सांगायचा तर मधल्या सहा महिन्यांचे प्रत्यक्ष आकडे हातात नसतात, पातळी उचलायची कशाच्या जोरावर? तिथे निर्देशांकाची खरी परीक्षा होते. शिवाय डिसेंबरमध्ये काही अपवादात्मक घडलं तर ०.७१ चा अल्फा त्याचा मोठा वाटा पुढच्या बाराही अंदाजांत घेऊन जातो.

पहिली पाच वर्षं शिकायला द्या, मग एकेक महिना पुढे सरकत प्रत्येक ठिकाणाहून बारा महिन्यांचा अंदाज काढा:

```r
hw <- function(y, h) forecast(HoltWinters(y, seasonal = "multiplicative"), h = h)
es <- function(y, h) forecast(ets(y, model = "MAM"), h = h)
e1 <- tsCV(AirPassengers, hw, h = 12, initial = 60)
e2 <- tsCV(AirPassengers, es, h = 12, initial = 60)
sqrt(colMeans(e1^2, na.rm = TRUE))
sqrt(colMeans(e2^2, na.rm = TRUE))
```

दोन्हीकडून बारा-बारा आकडे मिळतील, एक महिना ते बारा महिने पुढपर्यंतचे. ते एकाच आलेखावर काढा. रेषा कुठे एकमेकींना छेदतात का, हे तुमच्या रिपोर्टमधलं खरं वाक्य होईल. मालिका वाढती असल्याने टक्केवारीतल्या चुकांवरही तेच करा, नाहीतर पुन्हा शेवटची वर्षंच निकाल देतील.

आणि प्रत्येक टप्प्यावर आलेले स्थिरांकही साठवून ठेवा. गॅमा ०.८ च्या आसपास स्थिर राहिला तर तो डेटातून आलेला आहे. ०.३ वरून ०.९ आणि परत असा उड्या मारत असेल तर चुकांचा पृष्ठभाग त्या दिशेने सपाट आहे, आणि तिथे तीन दशांश छापण्यात अर्थ नाही.

---

सुटेभाग

माझ्या गॅमाच्या उड्यांचं कारण हेच का मग?

---

निरीक्षक

हो, आणि तुमच्याकडे ते टोकाला गेलंय. तीस महिन्यांत प्रत्येक महिना दोनदा किंवा तीनदाच दिसतो. पहिलं दर्शन निर्देशांक मांडण्यातच खर्च होतं. उरलेल्या एक-दोन दर्शनांवरून गॅमा ठरवायचा, त्याला पुरावाच नाही. सॉल्व्हर जिथून निघेल तिथल्या जवळच्या खड्ड्यात थांबतो. अनेक सुरुवातींवरून चालवून पाहिलंत तर वेगवेगळे गॅमा आणि जवळपास सारख्याच चुका दिसतील.

तुमच्याजागी मी गॅमा शोधायलाच गेलो नसतो. एकसारख्या वापराच्या भागांची मागणी एकत्र करून त्या बेरजेवरून बारा निर्देशांक काढा, ते सगळ्या भागांना लावा, आणि प्रत्येक भागासाठी फक्त अल्फा ठरवा. शून्याच्या जागी १ टाकू नका. मासिक मागणी ४-५ नगांची असेल तर तो १ त्या महिन्याचा निर्देशांक आणि पातळी दोन्ही बिघडवतो. शून्य क्वचित असतील तर हंगाम बेरजेचा घ्या. वारंवार असतील तर हे मॉडेल तुमच्या डेटाचं नाहीच, अधूनमधून येणाऱ्या मागणीसाठी क्रॉस्टनची पद्धत बघा.

---

कोष्टक

म्हणजे ०.१ ते ०.३ चा नियम अगदीच टाकाऊ नाही. डेटा बोलत नसेल तेव्हा तिथेच राहणं शहाणपणाचं.

---

मोजपट्टी

अल्फा-बीटासाठी एकवेळ मान्य. गॅमाला तोच पट्टा लावणं मला पटत नाही. अल्फा वर्षातून बारा वेळा काम करतो, गॅमा प्रत्येक महिन्यासाठी एकदा. ०.२ चा अल्फा दहा महिन्यांत जुन्या पातळीचं वजन सुमारे ११ टक्क्यांवर आणतो. ०.२ च्या गॅमाला तेवढंच करायला दहा *वर्षं* लागतात. आकडा तोच असला तरी अर्थ तोच राहत नाही.

---

कोष्टक

हे मान्य. पण मग लहान मालिकेत तर गॅमा शून्यच ठेवायला हवा, मोठा नव्हे.

---

मोजपट्टी

सुरुवातीच्या निर्देशांकांवर विश्वास असेल तर. एकाच वर्षावरून काढलेले असतील तर शून्य गॅमा म्हणजे त्या एका वर्षाचे अपघात कायमचे पक्के करणं.

---

चैत्रवेल

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता असं ठरवलंय. दोन्ही मॉडेल आधी एकाच मापात आणून बीटाबाबत एकमत आहे हे दाखवायचं. मग जुलै आणि मार्चच्या आकड्यांवरून गॅमा का फुगतो ते लिहायचं, १९५५ पासूनची मालिका वेगळी चालवून ते तपासायचं, आणि निवड बारा महिन्यांच्या चुकांवर करायची. सरकत्या तपासणीत टप्प्याटप्प्याचे गॅमाही नोंदवते.

एक शंका राहिली. पार्टनरच्या मॉडेलमध्ये कल दाबलेला आहे, माझ्यात नाही. वरच्या कोडमध्ये `es` ला `damped` सांगितलेलं नाही, म्हणजे ते प्रत्येक टप्प्यावर स्वतः निवडणार. बारा महिन्यांच्या चुकांत फरक दिसला तर तो गॅमाचा की फायचा, हे कसं ओळखू?

---

निरीक्षक

चांगलं पकडलंत. `damped = FALSE` आणि `damped = TRUE` अशा दोन वेगळ्या ओळी चालवा. फायचा परिणाम क्षितिजासोबत वाढत जातो आणि सगळ्या महिन्यांवर एकाच दिशेने पडतो: कल दाबला की दूरचे अंदाज खाली येतात. फाय ०.९८ म्हणजे बाराव्या महिन्यापर्यंत कल मूळच्या ७८ टक्क्यांवर येतो. गॅमाची चूक महिन्यागणिक चिन्ह बदलते, जुलैला एकीकडे आणि मार्चला दुसरीकडे. तेव्हा बारा महिने पुढच्या चुका कॅलेंडरच्या महिन्यानुसार वेगळ्या करून सरासरी काढा. बाराही महिने एका बाजूला कललेले असतील तर आधी कलाकडे बघा.

मार्च-एप्रिल त्या सरासरीतून बाजूला ठेवा, ईस्टरमुळे ते दोन्ही बाजूंना फेकले जातील.

---

कोष्टक

आलेख झाले की इथे टाक. १९५५ नंतरचा गॅमा किती येतो यावर मोजपट्टी आणि माझा वाद अजून बाकी आहे.